एक्स्टेंशनवर अडकलेला सॉकेट: छर्रा आत जात नसेल तर काय करावं?

प्रश्न: रोटाव्हेटरचे बोल्ट खोलताना अर्धा इंची एक्स्टेंशनवर १९ चा सॉकेट अडकून बसला. थोडा हलतो, पण निघत नाही. पक्कड लावून ओढला तरी नाही. हातोडीने ठोकून काढू का? रॅचेटवर असं झालं तर तेच करायचं का?

उत्तर:

भाऊ, ‘थोडा हलतो’ हे लिहिलंत ते बरं केलं. एक्स्टेंशन एका हातात घट्ट धरा आणि सॉकेट दुसऱ्या हाताने दोन्हीकडे फिरवून मग ओढा. किंचित खेळ आहे, ओढल्यावर केसभर पुढे येतो आणि ठरलेल्या एकाच जागी अडतो, असं असेल तर अडवणारा छर्राच आहे. खेळ मुळीच नसेल तर एक्स्टेंशनचा चौकोन पिळला गेलाय किंवा आत गंज धरलाय. दांड्याला लांब पाइप लावून जोर केला असेल तर आधी पिळाचाच संशय घ्यावा.

चौकोनाच्या एका बाजूला बारीक भोक असतं. त्यात आधी स्प्रिंग आणि तिच्यावर छर्रा. छर्रा बाहेर पडू नये म्हणून भोकाची कड किंचित आत दाबलेली असते. सॉकेटच्या आतल्या भिंतीला खळगा असतो, छर्रा त्यात बसतो. एरवी ओढलं की खळग्याची कड छर्र्याला आत ढकलते आणि सॉकेट निघतो. पण छर्र्यामागच्या भोकात घट्ट काही भरलं की त्याला मागे सरकायला जागाच राहत नाही. आपल्याकडे तापीकाठच्या काळ्या मातीत हे नेहमी होतं. ओली चिकणमाती ग्रीससोबत आत जाते आणि उन्हाळ्यात वाळून दगडासारखी होते. अशा वेळी जितकं ओढाल तितका छर्रा खळग्याच्या कडेवर जास्त रुतेल. पक्कड कामी आली नाही ती त्यामुळे.

म्हणून आधी ती माती मऊ करायची. बहुतेक साध्या सॉकेटना आरपार भोक असतं. नट बसतो त्या तोंडातून पाहिलं तर तळाशी एक्स्टेंशनच्या चौकोनाचं टोक दिसतं. लोक तेल बाहेरून, सांध्यावर मारतात आणि ते बाहेरच ओघळतं. तुम्ही सॉकेटचं तोंड वर करून एक्स्टेंशन उभं धरा, आतली माती तारेने खरवडून फुंकून काढा आणि वरून गंज सोडवणारा स्प्रे किंवा डिझेल भरा. ते चौकोनाच्या चारही फटींतून खाली उतरत छर्र्यापर्यंत पोचतं. रात्रभर तसंच उभं ठेवा. सकाळी ओढायच्या आधी सॉकेट एक्स्टेंशनवर आणखी आत दाबा, मग ओढा, पुन्हा दाबा. आत दाबल्याने छर्र्यावरचा ताण सुटतो आणि तो जागच्या जागी हलू लागतो. ओढताना सॉकेट एका बाजूला रेटून धरा, मग दुसऱ्या, असं चारही बाजूंना करून पाहा. छर्र्याचं तोंड ज्या दिशेला आहे तिकडे सॉकेट सरकला की त्या बाजूची फट वाढते आणि छर्रा कडेवरून निसटायला तेवढं पुरतं. पुष्कळदा काम इथेच होतं.

सॉकेटच्या बाहेरच्या अंगाला आरपार भोक असेल, जसं इम्पॅक्ट सॉकेटना असतं, तर छर्रा कदाचित त्यातूनच दिसेल. बारीक पंचने तो आत दाबायचा आणि त्याच वेळी दुसऱ्याने सॉकेट ओढायचा.

तरीही निघाला नाही तर ठोकायचं, पण बाहेरून सॉकेटच्या अंगावर नाही. फैजपूरकडच्या एका शेतकऱ्याने असाच १९ चा सॉकेट माझ्याकडे आणला होता, कडेला हातोडीचे घाव बसून पार खरबडलेला. त्याचा खेळ तपासला, तर थोडा हलत होता, म्हणजे चौकोन शाबूत. रात्री तोंडातून डिझेल भरून ठेवलं. सकाळी बेंच व्हाइसचे जबडे इतकेच उघडले की एक्स्टेंशनचा दांडा मधून खाली लोंबेल आणि सॉकेट वर जबड्यांवर टेकून राहील. दांडा आवळायचा नाही, मोकळाच ठेवायचा. सॉकेटच्या तोंडातून पितळी रॉड घातला, तो चौकोनाच्या टोकावर मधोमध टेकवला आणि अर्ध्या किलोच्या हातोडीने नेमके, आखूड ठोके दिले. अशाने चौकोन सरळ खाली ढकलला जातो आणि सॉकेटला वाकडा जोर लागत नाही. दोन-चार ठोक्यांनंतर व्हाइसमधला सॉकेट पाव वळसा फिरवायचा आणि पुन्हा ठोकायचं. एक्स्टेंशन खाली बादलीतल्या चिंध्यांवर पडलं. छर्र्यामागून डिझेलने भिजलेली काळी माती आणि ग्रीसचा लगदा निघाला.

पितळी रॉड नसेल तर साध्या मऊ लोखंडाचा घ्या. कडक पंच वापरू नका. सॉकेट आणि एक्स्टेंशन दोन्ही कडक पोलादाचे, त्यावर कडक पंच आपटला की टवका उडतो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

रॅचेटवर हा उपाय करू नका. रॅचेटचा चौकोन आतल्या दातेरी चाकाला जोडलेला असतो आणि ते चाक मागून पातळ झाकणाने किंवा सर्कलिपने धरलेलं असतं. टोकावर ठोकलं तर चाकच मागे निघून झाकण वाकेल. तिथे डोक्यामागे बटण आहे का ते आधी पाहा. बटणाची पिन दाबली की पिनेची खाच छर्र्यामागे येते आणि छर्रा आत पडतो. ओढत ओढत बटण दाबलं तर ताणामुळे छर्रा तसाच अडून राहतो. आधी सॉकेट रॅचेटकडे दाबा, मग बटण दाबा, मग ओढा. बटणच अडलं असेल तर त्याच्याभोवती तेल सोडून दाबा-सोडा करत राहा. बटण नसलेल्या रॅचेटवर तेल भिजल्यानंतर सॉकेट आणि डोकं यांच्या फटीत समोरासमोर दोन रुंद पेचकस घालून दोन्हीकडून सारखा जोर द्या. एकाच बाजूने उचकटलं तर सॉकेट तिरका होऊन आणखी आवळतो. काही एक्स्टेंशनवरही लॉकची सरकती कॉलर असते, ती ओढली की छर्रा मोकळा होतो. तुमच्याकडे तशी आहे का ते पाहून घ्या.

गॅसची ज्योत लावू नका. अवजाराचं पाणी उतरतं, स्प्रिंग मऊ पडते आणि पुढच्या जोराला चौकोन पिळतो. उकळतं पाणी सॉकेटवर ओतायला हरकत नाही.

निघाल्यावर एक्स्टेंशन डिझेलमध्ये भिजवा आणि लाकडी काडीने छर्रा पुन्हा पुन्हा दाबा. दर वेळी तो आपोआप उसळून बाहेर आला पाहिजे. मग हवा मारून पातळ तेलाचा एक थेंब सोडा, ग्रीस नको, त्यात माती पुन्हा चिकटते. चौकोनाच्या कडांवर बर उठली असेल तर ऑइल स्टोनने घासा. त्याच कडा बाजूने सरळ रेषेत दिसतात का तेही पाहा. पिळलेल्या दिसल्या तर ते एक्स्टेंशन भंगारात टाका, नाहीतर पुढच्या सॉकेटलाही ते असंच धरून ठेवेल. छर्र्याभोवतीची कड तुटली असेल तर छर्रा कधी निघून पडेल सांगता येत नाही, आणि उघड्या गिअरबॉक्सवर काम करताना तो आत पडला तर सगळं पुन्हा खोलावं लागेल. असं एक्स्टेंशनही बदला.