विकली की मंथली? थीटा दुप्पट दिसतो तेव्हा गॅमाही बघ

प्रश्न : सर, मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, नाशिक रोडला राहतो. ऑप्शन सेलिंगमध्येच करिअर करायचं ठरवलंय. क्लासवाले म्हणतात, विकलीत थीटा दुप्पट मिळतो, मंथलीत पैसा अडकून पडतो. बाबा द्राक्षाच्या पैशातून पाच लाख द्यायला तयार आहेत. विकली करू की मंथली?

उत्तर : क्लासमध्ये सांगितलं ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं आकड्यांतून बघू.

निफ्टी 25,000 वर आहे, आयव्ही, म्हणजे प्रीमियममध्ये धरलेली वर्षभराची चढउतार, 12 टक्के आहे आणि तू 25,000 चा कॉल आणि पुट दोन्ही विकलेस, म्हणजे स्ट्रॅडल विकलास, असं धर. सात दिवस उरलेल्या विकलीत दोन्हींचे मिळून साधारण 332 पॉइंट येतात, 28 दिवसांच्या मंथलीत 663. पहिल्या दिवशी विकली 24 पॉइंट झिजते, मंथली 12; ही रोजची झीज म्हणजेच थीटा. म्हणजे 65 च्या एका लॉटला 1,560 रुपये आणि 780 रुपये. इथवर क्लासवाले बरोबर.

आता बाजार एका दिवसात 250 पॉइंट हलला, तर गॅमामुळे, म्हणजे हालचाल वाढेल तसा तोटा वेगाने वाढतो त्यामुळे, विकलीत सुमारे 60 पॉइंट जातात, मंथलीत 30. थीटा वजा केला तरी विकलीत 2,340 रुपये तोटा, मंथलीत 1,170. म्हणजे थीटा दुप्पट झाला तसा गॅमाही दुप्पट झाला. तोटा नक्की कुठे सुरू होतो हे काढलंस तर दोन्हीकडे एकच आकडा येतो : दिवसाला साधारण 157 पॉइंटची हालचाल. तो आकडा आयव्हीवरून ठरतो, एक्स्पायरीवरून नाही. विकलीत जादा काही फुकट मिळत नाही, तू फक्त मोठा सौदा करत असतोस.

खरा फरक शेवटच्या दिवसात आहे. एकच दिवस उरला असताना बाजार 100 पॉइंट वर गेला, तर विकलेल्या 25,000 च्या कॉलचा डेल्टा, म्हणजे निफ्टी एक पॉइंट हलला की कॉल किती हलतो तो आकडा, 0.50 वरून 0.74 च्या आसपास जातो. 28 दिवसांच्या कॉलचा जेमतेम 0.55 होतो. मंथलीवाल्याला संध्याकाळी शांतपणे बसून दुसऱ्या दिवशीची अॅडजस्टमेंट ठरवता येते. एक्स्पायरीच्या दुपारी मात्र प्रीमियम पाच मिनिटांत दुप्पट होऊ शकतो, स्टॉपलॉस ठरवलेल्या भावाच्या खाली-वर भरला जातो, आणि तोटा भरून यायला पुढचे दिवसच उरलेले नसतात. शिवाय नोव्हेंबर 2024 पासून एक्स्पायरीच्या दिवशी विकलेल्या इंडेक्स ऑप्शनवर 2 टक्के जादा मार्जिन लागतं. या उदाहरणात ते विकलेल्या प्रत्येक ऑप्शनच्या एका लॉटला 32,500 रुपये होतं. खात्यात तेवढी जागा नसेल तर ब्रोकर पोझिशन कापू शकतो, आणि बहुधा नको त्याच वेळी कापतो.

मंथलीचं दुखणं वेगळं आहे, वेगा. आयव्ही 12 वरून 15 वर गेला तर बाजार न हलताही मंथली स्ट्रॅडलमध्ये 166 पॉइंटचा तोटा दिसतो, विकलीत 83. प्रत्यक्षात भीती पसरली की जवळच्या एक्स्पायरीचा आयव्ही जास्त चढतो, त्यामुळे हा फरक थोडा कमी होतो. आणि हेही ध्यानात ठेव, की मंथली शेवटच्या आठवड्यात विकलीच होते. त्या महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी तीच एक्स्पायरी असते.

म्हणून तुझ्यासाठी माझं मत : मंथली, तीसेक दिवस असताना उघडायची आणि आठ-दहा दिवस उरले की बंद करायची, आणखी शंभर पॉइंट मिळतील असं दिसलं तरी. आणि उघडं सेलिंग नाही. 26,000 चा कॉल आणि 24,000 चा पुट विकत घे. ढोबळ हिशोबाने दोन्हींचे 92 पॉइंट जातील, हाती 571 राहतील, आणि जास्तीत जास्त तोटा 429 पॉइंट, म्हणजे लॉटला सुमारे 28 हजार. पुट सहसा महाग मिळतो, म्हणून तोटा थोडा जास्त धर. 4 जून 2024 ला निफ्टी एका दिवसात 1,379 पॉइंट पडला होता. अशा दिवशी हेच 92 पॉइंट खातं वाचवतात.

बाबांचे पाच लाख आत्ता मात्र घेऊ नकोस. सेबीच्या पाहणीनुसार 2024-25 मध्ये एफ अँड ओ करणाऱ्या 91 टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. घरखर्च यावर चालवायचा ठरवलास की नको तेव्हा लॉट वाढवशील. आधी एनआयएसएमची सिरीज आठ, म्हणजे इक्विटी डेरिव्हेटिव्हजची परीक्षा दे. ब्रोकरकडे डेरिव्हेटिव्हजचं डीलिंग करायला ती लागते. पुढे रिस्क विभागात गेलास, तर इतरांच्या खात्यांत गॅमा काय करतो ते रोज दिसेल.

तोवर कागदावर दोन्ही स्ट्रॅडल एकाच दिवशी विक आणि रोज साडेतीनला चार आकडे लिही : निफ्टी किती हलला, प्रीमियम किती झिजला, डेल्टा कुठे गेला, आयव्ही किती. ज्या दिवशी हालचाल तुझ्या 157 सारख्या आकड्याच्या पुढे गेली, त्या ओळीला खूण कर. सहा महिन्यांची ती वही घेऊन ये, मग पैशाचं बोलू.