एमए इकॉनॉमिक्सचा कोड आधी बघ

चि. विद्यार्थिनीस,

गोखले रोडवरच्या कन्सल्टंटनं तुला दिलेला तक्ता पाहिला. अमेरिकेतली दोन विद्यापीठं, दोन्हीकडे एमए इकॉनॉमिक्स. रँकिंग आहे, फी आहे, शहर आहे. मला हवा होता तो रकाना मात्र त्यात नाही, तो सीआयपी कोडचा.

अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं प्रत्येक विषयाला सहा अंकी कोड दिलेला असतो. आपला अभ्यासक्रम कोणत्या कोडखाली नोंदवायचा हे विद्यापीठ ठरवतं. शिक्षण संपल्यावर तिथे काम करायला जी परवानगी मिळते, ती म्हणजे ओपीटी. ती सगळ्यांना 12 महिन्यांची असते. पण तुझ्या पदवीचा कोड तिथल्या होमलँड सिक्युरिटी खात्याच्या स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या विषयांच्या यादीत असेल, तर आणखी 24 महिने मागता येतात. ही यादी खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते.

आता तुझ्या विषयाकडे ये. सर्वसाधारण अर्थशास्त्राचा कोड 45.0601, आणि तो यादीत नाही. इकॉनोमेट्रिक्स आणि संख्यात्मक अर्थशास्त्राचा 45.0603, तो आहे. पदवीवर मात्र दोन्हीकडे ‘एमए इकॉनॉमिक्स’ एवढंच छापलेलं असू शकतं.

समज, तू मे 2028 मध्ये पास झालीस आणि ओपीटी 1 जुलै 2028 ला सुरू झाली. कोड 45.0601 असेल, तर ती 30 जून 2029 ला संपते. त्यानंतरही तिथे नोकरी करायला लागणाऱ्या एच-1बी व्हिसाची नोंदणी वर्षातून एकदा, मार्चमध्ये होते आणि अर्ज जास्त आले की सोडत निघते. म्हणजे तुझ्या हातात मार्च 2029 ची एकच संधी. कोड 45.0603 असेल आणि मुदतवाढ मिळाली, तर 30 जून 2031 पर्यंत काम करता येतं आणि मार्च 2029, 2030, 2031 अशा तीन नोंदण्या पदरात पडतात. नंबर लागेलच असं नाही. पण शैक्षणिक कर्ज फेडायचं असेल, तर तिथल्या पगाराचं एक वर्ष आणि तीन वर्षं यांत किती अंतर पडतं, हे तुझ्या बाबांना बँकेच्या हप्त्यांवरून लगेच कळेल.

जाहिरातीत ‘स्टेम’ लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नकोस. कधी एकाच विभागातल्या एका शाखेला स्टेम कोड असतो, दुसरीला नसतो. कधी बदललेला कोड पुढच्या तुकडीपासून लागू होतो. म्हणून विद्यापीठाच्या इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला ईमेल कर आणि नेमकं विचार: मी ज्या सत्रात येणार, ज्या शाखेत येणार, तिचा सहा अंकी कोड काय? उत्तर लेखी घे. ‘आमचा अभ्यासक्रम खूप संख्यात्मक आहे’ असं उत्तर आलं, तर अंक मिळेपर्यंत पुन्हा विचार. प्रवेशानंतर आय-20, म्हणजे व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा फॉर्म, हातात येईल. त्याच्या पहिल्या पानावर विषयाच्या नावापुढे हाच कोड छापलेला असतो. तो ईमेलमधल्या कोडशी ताडून बघ. चुकला असेल, तर व्हिसाच्या मुलाखतीआधीच दुरुस्त करून घे. पदवी झाल्यावर जुन्या तुकडीचा कोड बदलून मिळेल, या आशेवर राहू नये.

पण कोड योग्य असला म्हणजे 24 महिने आपोआप मिळाले असं नाही. ओपीटी संपायच्या आत अर्ज करावा लागतो. नोकरी पदवीशी संबंधित हवी, पगारी हवी, आठवड्याला किमान 20 तासांची हवी. कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी व्यवस्थेत नोंदलेली असावी लागते आणि तिनं तुझ्यासोबत आय-983 या फॉर्मवर तुझ्या प्रशिक्षणाचा आराखडा भरून सही करायची असते. छोट्या संस्थांची गाडी बऱ्याचदा इथेच अडते. तेव्हा पहिली नोकरी घेतानाच ई-व्हेरिफायबद्दल विचारून ठेव. हे सगळे नियम सरकार बदलू शकतं, म्हणून अर्ज करताना यादी पुन्हा उघडून बघायची.

कॅनडाचाही विचार तुझ्या डोक्यात आहे म्हणालीस. तिथे नोव्हेंबर 2024 पासून कॉलेजच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना असेच कोड बघतात, पण त्यावर शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्याची मुदत नव्हे, तर तो परवाना मिळणार की नाही हे ठरतं. विद्यापीठाच्या मास्टर्सला ती अट नाही.

एक मात्र स्पष्ट सांगतो. 45.0603 च्या अभ्यासक्रमात गणित जड असतं. टीवायला तू इकॉनोमेट्रिक्सचा पेपर टाळलास, हे मला आठवतंय. मॅट्रिक्स आणि संभाव्यता नको वाटत असतील, तर केवळ दोन वर्षांसाठी तो कोर्स घेऊ नकोस. ग्रेड घसरले तर नोकरीच मिळणार नाही, मग मुदतवाढ कशाची मागणार? आवड असेल, तर या उन्हाळ्यात तेवढं गणित मी घेतो.

डिपॉझिट भरायच्या आधी दोन्हीकडे ईमेल जाऊ दे. उत्तरं आली की पाठव. रविवारी सकाळी घरी ये, मग दोन्हींची फी आणि अभ्यासक्रम शेजारीशेजारी मांडून बघू.

तुझा,
सर
ठाणे