तोच मेसेज सगळ्यांना पाठवतोस, म्हणून उत्तर येत नाही

डेटिंग अ‍ॅपवर 'हाय, तुझं प्रोफाइल खूप आवडलं, बोलायला आवडेल' हा मेसेज तू सगळ्यांना चिकटवतोयस. त्यात चूक काही नाही, पण उत्तर द्यायला हाताशी काही लागत नाही. शिवाय प्रोफाइलमधलं नेमकं काय आवडलं ते लिहिलेलंच नाही, त्यामुळे वाचलं नसावं हे समोरच्याला लगेच कळतं. पाठवण्याआधी एवढंच बघ: हेच वाक्य दुसऱ्या कुणाला जसंच्या तसं चाललं असतं का?

समज, तिने लिहिलंय, 'डोंगर चढते, पण रविवारी सकाळी मला उठवू नका.' तू कधी डोंगर चढला नाहीस. मग 'मलाही ट्रेकिंगचं वेड आहे' असं लिहू नकोस. दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडशील. त्याऐवजी लिही: 'मी जिनेसुद्धा टाळतो, पण रविवारच्या झोपेबाबत आपलं जमेल. डोंगरासाठी मात्र पहाटे उठतेस की तिथेही उशिरा?' हे खरं आहे, आणि उत्तर एका ओळीत देता येतं.

प्रत्येक वेळी सगळंच नव्याने लिहायला नको. स्वतःबद्दलची ओळ खरी असेल तर खुशाल पुन्हा वापर, प्रश्न तेवढा त्या माणसाचा हवा. नुसते शब्द फिरवून केलेले पाच नमुने म्हणजे तोच मेसेज पाच वेळा. प्रोफाइल रिकामं असेल तर ओढूनताणून कौतुक करू नकोस, साधा प्रश्न विचार किंवा पुढे जा. आणि चांगल्या मेसेजलाही बरेचदा उत्तर येत नाही, त्यावर 'का गं, रागावलीस?' असं मागाहून पाठवू नकोस.