काटा शून्यावर का थांबत नाही?

प्रश्न : घरी स्प्रिंगचा जुना वजनकाटा आहे. कोणी उभं नसतानाही काटा अडीच किलोवर असतो. वजनातून अडीच वजा केले तर चालेल का?

चालेल, फक्त तो रोज अडीचवरच थांबत असला पाहिजे. आतली रचना साधी आहे. आपण उभे राहतो त्या पत्र्याखाली चार तरफा असतात. त्या वजनाचा थोडा भाग पुढे नेऊन एका जाड स्प्रिंगला ताणतात. स्प्रिंग जितकी ताणली जाते तितकी एक दातेरी पट्टी सरकते आणि डायलच्या मधलं छोटं दातेरी चाक फिरवते. वर्षानुवर्षांच्या वापराने स्प्रिंग किंचित लांबली की काटा आधीच थोडा पुढे जाऊन बसतो. ती चूक पंधरा किलोच्या मुलाला आणि सत्तर किलोच्या माणसाला सारखीच लागते. म्हणून ६८.५ दिसले तर वजन ६६.

पण वजाबाकी कशाला करत बसायची? काट्याच्या मागच्या कडेला किंवा तळाशी एक खाचदार चकरी असते. ती स्प्रिंग अडकवलेली जागा जराशी वर-खाली करते. काटा सपाट, टणक फरशीवर ठेवा आणि चकरी अगदी थोडी फिरवा. कोणत्या बाजूला, ते काटा सरकताना बघूनच ठरवा, कारण प्रत्येक बनावटीत दिशा वेगळी असते. मग एकदा त्यावर उभे राहून उतरा आणि शून्य पुन्हा बघा. हे मधलं चढणं-उतरणं बहुतेक जण गाळतात. आटे आणि सांधे वजन पडल्यावरच आपापल्या जागी बसतात, त्यामुळे पहिलं शून्य बऱ्याचदा फसवं असतं.

प्रश्न : मी रोज शून्य लावते, पण दुसऱ्या दिवशी काटा कधी एकावर, कधी शून्याच्या मागे. स्प्रिंग गेली का?

स्प्रिंगवर इतक्यात आळ घेऊ नका. स्प्रिंग बिघडली की चूक ठरलेली असते, दिवसागणिक बदलत नाही. आधी काटा ठेवता कुठे ते बघा. आपल्या न्हाणीघराच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार असतो. काटा तिरका बसला की चारही पाय सारखे टेकत नाहीत. वापर झाल्यावर भिंतीला उभा करून ठेवत असाल, तर आडवा केल्यावर दर वेळी शून्य बघायलाच हवं.

जागा बदलूनही फरक पडला नाही, तर आत काहीतरी अडकतंय. हाताने पत्रा हलकेच दाबून सोडा. काटा झटकन परतला तर ठीक. रेंगाळत आला, किंवा कडेला टिचकी मारल्यावर पुढे सरकला, तर तरफांच्या टेकूंवर गंज चढला आहे किंवा दातेरी पट्टीत केस-धूळ गुंतली आहे. अंगाच्या पाण्याचे थेंब कडेच्या फटीतून थेट आत जातात. खालचा भाग उघडून कोरड्या ब्रशने साफ करा. तेल ओतू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते. आणि काटा न्हाणीघराबाहेर काढा!

प्रश्न : शून्य बरोबर आहे, तरी दवाखान्यातल्या काट्यापेक्षा घरचा तीन किलो जास्त दाखवतो.

ही चूक चकरीच्या हातातली नाही. शून्य जागेवर असूनही वजनाबरोबर चूक वाढत असेल, तर स्प्रिंग मऊ पडली आहे, बहुधा गंजाने तार बारीक झाली असेल, किंवा तरफेची एखादी कडी सरकली आहे. घरीच तपासता येईल. मोठी रिकामी बादली काट्याच्या मध्यावर ठेवा आणि चकरीने काटा शून्यावर आणा. मग एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीने वीस बाटल्या पाणी ओता. बाटली काठोकाठ भरू नका, विकत घेताना पाणी जिथपर्यंत होतं तिथपर्यंतच भरा. हे वीस किलो झाले. काट्याने एकवीस दाखवले तर चूक विसाला एक. मग सत्तर दिसले, तर खरं वजन साधारण ६६.७. तुमच्या तीन किलोंशी हा हिशोब जुळतो. मात्र एकेक किलोच्या रेघांवर अर्ध्या किलोचा अंदाज चुकतोच, त्यामुळे पाणी दोन-तीनदा ओतून बघा. चूक तेवढीच निघाली, तर वजन वाढतंय की घटतंय एवढं पाहायला काटा अजून चालेल. औषधाचा डोस ठरवायला नको.

प्रश्न : काटा हातातून पडला. आता आठ किलोवर आहे आणि चकरी टोकापर्यंत फिरवूनही शून्य येत नाही.

दातेरी पट्टी चाकावरून एक-दोन दात उडाली आहे. आकडा पडल्याबरोबर एकदम मोठा बदलला, हीच त्याची खूण. आधी चकरी मधोमध आणा. मग खालचा भाग उघडा, पट्टी चाकापासून हलकेच उचला, काटा शून्याजवळ आणा आणि पट्टी पुन्हा दातांत बसवा. उरलेला किलोभर फरक चकरी भरून काढेल. उघडल्यावर तरफ वाकलेली दिसली, तर मात्र नवा काटा घ्या.