मॅग्नेटिक रिंग, गाडीतला चार्जर आणि मागचं कार्डाचं पाकीट

प्रश्न: अँड्रॉइड फोन आहे, वायरलेस चार्जिंगवाला. कव्हरवर बाहेरून मॅग्नेटिक रिंग चिकटवली आणि गाडीत मॅग्नेटचा चार्जिंग होल्डर घेतला. फोन एकदम घट्ट बसतो, पण बीडहून संभाजीनगरला पोचेपर्यंत बॅटरी काही वाढत नाही, फोन तापतो आणि चार्जिंग चालू-बंद होत राहते. रिंग डुप्लिकेट निघाली का? आणि मागं कार्डाचं पाकीट लावलं तर चालतं का?

उत्तर:

दादा, रिंग डुप्लिकेट असेलच असं नाही, बहुतेक ती चुकीच्या जागी बसलीय. माझं जालन्यात मोबाइल अ‍ॅक्सेसरीचं दुकान आहे, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत निम्म्याच्या वर लोकांचं हेच निघतं.

आधी एक गोष्ट डोक्यात वेगळी करा. फोन धरून ठेवायचं काम मॅग्नेटचं, चार्ज करायचं काम कॉइलचं. फोनच्या आत मागच्या बाजूला तांब्याची गोल कॉइल असते, तशीच एक चार्जरमध्ये असते आणि दोन्हींचं केंद्र एकावर एक आलं तरच वीज नीट जाते. रिंगचं खरं काम म्हणजे ही केंद्रं जुळवणं. आयफोनमध्ये 2020 ला 12 सीरिजपासून कंपनीनंच मॅग्नेट कॉइलच्या भोवती बसवून दिलेत, त्याला मॅगसेफ म्हणतात, त्यामुळं तिथं टक करून चिकटलं की कॉइल बरोबर कॉइलवर पडते. पण आपण बाहेरून जी रिंग चिकटवतो तिला आतली कॉइल कुठंय हे कुठं माहीत असतं? लोक अंदाजानं फोनच्या बरोबर मध्ये नाहीतर कॅमेऱ्याच्या खाली दिसायला चांगली दिसते तिथं लावतात, आणि कॉइल मात्र मॉडेलप्रमाणं कधी थोडी वर तर कधी थोडी खाली असते. साध्या चार्जिंग पॅडवर फोन चुकीचा ठेवला गेला तर हातानं सरकवून जुळवता तरी येतो, इथं मात्र मॅग्नेट त्याला त्या चुकीच्याच जागेवर घट्ट धरून ठेवतो. म्हणून "घट्ट बसतो" यावरून चार्जिंगबद्दल काहीच कळत नाही.

तापायचं कारणही यातच आहे. कॉइल सरकलेली असली की चार्जरमधून निघालेल्या चुंबकीय क्षेत्राचा काही भाग फोनच्या कॉइलला सोडून आजूबाजूच्या धातूत जातो आणि तिथं नुसती उष्णता होते. फोनला वीज कमी पडायली की तो चार्जरकडं जास्त मागतो, चार्जर अजून जोर लावतो, अजून तापतं. मग एकतर चार्जरला वाटतं की मध्ये नाणं-किल्ली असं काहीतरी धातूचं आलंय, म्हणून तो बंद होतो, नाहीतर फोनच तापमान बघून थांबवतो. थोडं थंड झालं की परत चालू. तुमचं चालू-बंद हे याच्यामुळं व्हायलंय. आणि सगळं एकदम बरोबर जुळलं तरी वायरलेसमध्ये साधारण पाव हिस्सा वीज उष्णतेतच जाते, हे धरूनच चाला.

आता कॉइल शोधायची कशी ते सांगतो, घरी करता येतं. एक साधा, मॅग्नेट नसलेला वायरलेस पॅड घ्या, मित्राचा मागून आणला तरी चालतो. कव्हर काढा, फोनच्या खालच्या कडेला आणि उजव्या कडेला कागदी टेपची एकेक पट्टी लावा. पॅड मोठ्या कागदावर ठेवा आणि त्याच्या मध्याच्या रेषेत कागदावर एक उभी, एक आडवी रेघ बाहेरपर्यंत ओढा. फोन पॅडवर उभा, सरळ ठेवून चार्जिंग चालू झालं की हळूहळू डावीकडं सरकवत न्या आणि चार्जिंग जिथं बंद पडेल तिथं उभ्या रेघेसमोर खालच्या कडेच्या टेपवर खूण करा. मग उजवीकडं तसंच. प्रत्येक वेळी सरकवल्यावर दोन-तीन सेकंद थांबायचं, कारण चार्जर थांबून थांबून तपासत असतो, घाई केली की खूण चुकते. दोन्ही खुणांचा मध्य काढला की आडवं केंद्र मिळालं. वर-खालीही असंच, आडव्या रेघेसमोर उजव्या कडेच्या टेपवर खुणा करा. दोन्ही मध्यांपासून पाठीवर सरळ रेघा नेल्या की त्या जिथं मिळतात तिथं कॉइलचं केंद्र. आता फोनला कव्हर घालून ते माप कव्हरवर घ्या आणि रिंगचं केंद्र तिथं आणा.

मागं जालना ते नांदेड गाडी चालवणारा एक भाऊ आला होता, त्याचं अगदी तुमच्यासारखंच. रिंग कॅमेऱ्याला खेटून लावलेली आणि वरच्या पद्धतीनं बघितलं तर कॉइलचं केंद्र तिच्या केंद्रापासून जवळजवळ एक सेंटिमीटर खाली. हेअर ड्रायरनं रिंग कोमट केली, दोऱ्यानं खालून सोडवली, नवीन दुहेरी टेप लावून खाली सरकवली. चार्जर तोच, फोन तोच, पण चालू-बंद तिथंच थांबलं. मग मी त्याच्या गाडीतलं दुसरं टोक बघितलं, ते तुम्हीही बघा. त्यानं होल्डरची वायर म्युझिक सिस्टिमच्या यूएसबीला लावली होती. तिथून 5 वॉट सुद्धा धड निघत नाही. वायरलेसची वजावट झाल्यावर फोनला तीन-साडेतीनच वॉट पोचतात.

याचा हिशोब करून बघा म्हणजे पटेल. 5000 एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण 19 वॉट-तास. उन्हात ब्राइटनेस फुल, मॅप चालू, नेट चालू, म्हणजे फोनच तासाला 3 वॉट-तास खातो असं धरू. आत 3 वॉट येणार आणि 3 वॉट जाणार, मग अडीच तासांनी बॅटरी जिथल्या तिथंच. आता हेच जुळवून आणि सिगारेट सॉकेटमध्ये 20 वॉटचा पीडी अडॅप्टर लावून फोनला 8 वॉट पोचले तर तासाला 5 शिल्लक राहतात, म्हणजे अडीच तासांत साडेबारा वॉट-तास, जवळपास 65 टक्के. प्रत्यक्षात उष्णतेमुळं थोडं कमीच मिळेल, पण फरक किती ते कळलं ना. खोक्यावर 15 वॉट लिहिलेलं असतं ते कमाल आकडा असतो. आयफोनवाल्यांनी "मॅगसेफ कम्पॅटिबल" लिहिलेलं बघून फसू नये, त्याचा अर्थ बऱ्याचदा फक्त मॅग्नेट जुळतो एवढाच असतो आणि चार्जिंग साडेसात वॉटवरच अडकतं. 15 हवे असतील तर मॅगसेफ प्रमाणित किंवा क्यूआय२ या वायरलेस चार्जिंगच्या नव्या मानकाचा शिक्का बघा. क्यूआय२ मध्ये मॅग्नेटची जागा ठरवून दिलेली आहे. मात्र काही अँड्रॉइड फोन "क्यूआय२ रेडी" म्हणून येतात, त्यांच्या आत मॅग्नेट नसतोच, मॅग्नेटवालं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. तुमच्या मॉडेलसाठी तसलं कव्हर मिळत असेल तर बाहेरून चिकटवलेल्या रिंगपेक्षा ते बरं, कारण बाहेरची रिंग कव्हरच्या जाडीवर आणखी जाडी चढवते आणि कॉइलमधलं अंतर वाढतं. फक्त स्वस्तातल्या कव्हरचंही केंद्र एकदा वरच्या पद्धतीनं तपासून घ्या.

रिंग नुसत्या लोखंडाची आहे का खऱ्या मॅग्नेटची हे बघायचं असेल तर जवळ सेफ्टी पिन न्या. पिन ओढली नाही तर ते लोखंडी कडं आहे. ते होल्डरला चिकटतं खरं, पण खऱ्या मॅग्नेटइतकी घट्ट पकड देत नाही. आणि कव्हरच्या आत जुन्या होल्डरची लोखंडी पत्री राहिली असेल तर ती आधी काढा. ती कॉइलच्या आड येते आणि भयंकर तापते, हे खूप जणांचं राहून जातं.

होल्डर कुठं लावायचा? आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये बाहेरच 42-43 असतं, त्यात काच बंद करून गाडी उन्हात उभी केली की डॅशबोर्डला हात लावू देत नाही. तिथं टेपवाला होल्डर लावला तर टेप मऊ होऊन होल्डर सुटतो आणि फोन आधीच तापलेला असल्यानं चार्जिंग थांबतं. मी तरी उन्हाळ्यात एसीच्या जाळीवर, मागून स्क्रूनं आवळणारा होल्डर घ्यायला सांगतो. गार हवा फोनच्या पाठीला लागते त्याचा चार्जिंगला सरळ फायदा होतो. नुसत्या स्प्रिंगच्या चिमट्याचे होल्डर खड्ड्यात फिरतात, ते टाळा. आणि मॅग्नेटची ताकद बघताना फोन सरळ ओढून बघू नका, गाडीत फोन उभा असतो, तो खाली घसरतो, सरळ निघत नाही. घसरण्याला अडवणारी ताकद ओढण्याच्या ताकदीपेक्षा खूपच कमी असते, म्हणून होल्डर हातात उभा धरून वर-खाली झटका द्या, फोन जागचा हलला तर कव्हर जाड आहे किंवा रिंग कमजोर आहे.

पाकिटाचं. लावा, पण चार्जिंगच्या वेळी काढायचंच. पाकीट मध्ये राहिलं तर अंतर वाढतं आणि कॉइल एकमेकीला भेटत नाहीत, वर कार्ड चार्जर आणि फोनच्या मध्ये येतं. कार्डाच्या चिपला आणि टॅप करून पैसे देण्याच्या भागाला मॅग्नेटनं काही होत नाही. धोका पाठीमागच्या काळ्या पट्टीला असतो, त्यातही बँकेच्या कार्डाची पट्टी जरा कणखर असते, पण हॉटेलच्या खोलीचं कार्ड पटकन पुसलं जातं, ते पाकिटात ठेवू नका. चांगल्या पाकिटात मॅग्नेट आणि कार्ड यांच्यामध्ये लोखंडी पत्र्याचा पडदा असतो. स्वस्तात तो नसतो. बघायचं असेल तर कार्ड ठेवतो त्या बाजूनं पिन लावा, जोरानं चिकटली तर पडदा नाही. कार्डंही दोन-तीनच ठेवा, जाड झालेलं पाकीट खिशातून काढताना फोनवरून सरकून पडतं.

आणखी एक, घरात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल तर असला फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू देऊ नका. आयफोनच्या बाबतीत अ‍ॅपलनं स्वतःच सांगितलंय की अशा उपकरणापासून 15 सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवा, आणि वायरलेस चार्जिंग चालू असेल तर 30 पेक्षा लांब, आणि बाहेरून लावलेल्या रिंगलाही मी हेच अंतर लावतो. आपल्याकडं म्हातारी माणसं फोन वरच्याच खिशात ठेवतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. आजोबांचाच फोन असेल तर रिंग लावूच नका, साधी वायर बरी.