ट्युटोरियल पूर्ण होतं, तरी खेळाडू दुसऱ्या लेव्हलला का सोडून जातो

> बोट मागे ओढून सोडलं की उडी, असा माझा पहिला गेम आहे. ट्युटोरियल जवळजवळ सगळे पूर्ण करतात, पण दुसऱ्या लेव्हलला बंद करून जातात. ट्युटोरियल अजून सविस्तर करू का? मी नागपूरलाच असतो.

सविस्तर अजिबात करू नका. आमचा गेमही ओढून-सोडून उडी मारायचाच होता, गच्चीवरून गच्चीवर जाणारा मुलगा. आमच्या पब्लिशरकडच्या माणसाने आग्रहाने सगळं पुढे आणलं: लॉगिन, नाव, नोटिफिकेशनची परवानगी, मग काळवंडलेला स्क्रीन आणि त्यावर हलणारा हात. हात दाखवेल तसंच ओढलं तरच पुढे जाता यायचं. आम्ही तक्रार केली की तो `tutorial_complete` चा आकडा पुढे ठेवायचा. "लोक पूर्ण करताहेत ना? मग तुमच्या लेव्हल कठीण आहेत." लेव्हल सोप्या करण्यात आमचे महिने गेले आणि फरक शून्य. त्याचा राग मला आजही आहे, कारण तो आकडा काहीच सांगत नव्हता. बाकी सगळं कुलूपबंद असेल तर लोक पूर्ण करणारच. हात धरून गिरवलेलं अक्षर ते, पाटी कोरी केली की येत नाही.

कळलं ते फुटाळा तलावावर. संध्याकाळी तिथे बसलेल्या एका मुलीच्या हातात फोन दिला आणि गप्प राहिलो. ट्युटोरियल तिने भराभर संपवलं. दुसऱ्या लेव्हलला मुलाच्या डोक्यावर टॅप, मग समोरच्या गच्चीवर टॅप. "काहून हालत नाही हे?" म्हणाली आणि फोन परत दिला. हाताच्या मागे बोट नेलं होतं, पण ओढण्याचा आणि उडीचा संबंध तिच्या डोक्यात बसलाच नव्हता.

म्हणून आधी मोजायची गोष्ट बदला. मदतीचा हात गेल्यानंतर खेळाडूने स्वतःहून केलेला पहिला स्पर्श नोंदवा: टॅप होता की ओढणं, आणि किती सेकंदांनी. फायरबेसमध्ये `first_free_input` असा स्वतःचा इव्हेंट ठेवा, त्याला हे दोन पॅरामीटर पुरेत. टॅप जास्त दिसले तर कंट्रोल शिकवलेच गेले नाहीत. ओढून पडत असतील, तर मात्र लेव्हल बघा.

आम्ही पुढे असं केलं. गेम उघडला की थेट गच्ची, मेन्यू नाही. पहिली फट उथळ, पडलं तरी मरण नाही, सेकंदाच्या आत मुलगा परत जागेवर. पहिले तीन सेकंद हात दाखवायचाच नाही, कारण बरेच जण आपोआप ओढून बघतात आणि त्यांना तो कधीच दिसायला नको. टॅप केलं तर मुलगा किंचित मागे दबतो आणि छोटा बाण ताणल्यासारखा होऊन परत येतो. चुकीच्या स्पर्शालाही उत्तर मिळतं, आणि ते उत्तरच मागे ओढायला सुचवतं. दुसरी फट तेवढीच, पण हाताशिवाय. तिसरी रुंद, म्हणजे जास्त ओढलं की लांब उडी हे तिथे कळतं. हलत्या गच्च्या, नाणी वगैरे त्याआधी काही नाही. लॉगिन आणि नाव पहिली लेव्हल जिंकल्यावर.

ओढणं सुरू करायची जागा स्क्रीनच्या मध्याकडे ठेवा. अँड्रॉइड १० पासूनच्या जेस्चर नेव्हिगेशनमध्ये डाव्या-उजव्या कडेवरून आत ओढलं की 'बॅक' होतं, आणि नवख्याला वाटतं गेमच बंद पडला.

युनिटीत `OnDrag` वापरत असाल तर अजून एक. `pixelDragThreshold` मुळात १० पिक्सेल असतो. ४०० डीपीआयच्या फोनवर ते जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर, म्हणजे साधा टॅपही ओढणं धरला जातो, मुलगा इवलीशी उडी मारून पडतो आणि तुमची वरची नोंदही बिघडते. हे सुरुवातीलाच टाका:

```csharp
float dpi = Screen.dpi > 0 ? Screen.dpi : 160f;
EventSystem.current.pixelDragThreshold =
    Mathf.RoundToInt(10f * dpi / 160f);
```

`Screen.dpi` काही फोनवर शून्य येतो, म्हणून पहिली ओळ.

माझा अनुभव एका हाताने खेळायच्या उभ्या, छोट्या गेमचा आहे. पत्त्यांच्या किंवा स्ट्रॅटेजी गेमला थोडा मजकूर लागतोच, तिथे माझं सगळं लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण नोटिफिकेशनची परवानगी पहिल्या पाच मिनिटांत मागू नका, हे सगळ्यांना सांगेन. अँड्रॉइड १३ पासून ती वेगळी मागावी लागते, आणि खेळाडूने दोनदा नकार दिला की सिस्टीम तो डायलॉग पुन्हा दाखवतच नाही. मग त्याला स्वतः सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करावी लागते, आणि तेवढं कोण करतं? आम्ही ती रोजचं बक्षीस पहिल्यांदा घेतल्यावर मागतो, 'उद्याचं तयार झालं की कळवू का?' असं विचारून.