आधी परतीची वाट

“ताई, गुडघ्यामुळं नवी पेठेत चपलांची दुकानं फिरणं होत नाही आता. मोबाईलवर मऊ तळव्याचे सँडल दिसतात. पण मुलगा पुण्याहून ओरडतो, ‘आई, तू काही दाबू नकोस, खातं रिकामं होईल.’ या वयात पहिल्यांदा मागवावं का? आणि नाहीच बसले पायाला तर?”

या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मी धरून ठेवलं. माझ्याकडे येणारे बहुतेक ज्येष्ठ फसवणुकीचं बोलतात, आणि ती भीती खरीच आहे. पण जरा खोदलं की खाली वेगळंच निघतं: चूक झाली तर ती निस्तरता येणार नाही, आणि घरचे बोलतील. हे विचारणाऱ्या काकू 35 वर्षं शिक्षिका होत्या. चुकलेलं खोडून पुन्हा लिहायला त्यांनी शेकडो मुलांना शिकवलं, स्वतःला मात्र ती सवलत नव्हती. माझं जुनं मत आहे की भीती समजावून जात नाही, ती छोट्या कृतीने जाते. आणि पहिली कृती अशी हवी की ती फसली तरी माणूस सुखरूप परत येईल. म्हणून आम्ही खरेदीची सुरुवात परतीपासून केली.

पहिल्या दिवशी काहीच विकत घ्यायचं नाही, असं ठरवलं. सँडलचं पान उघडून परतीच्या अटी वाचायच्या, एवढाच अभ्यास. एका जोडाखाली 7 दिवसांची मुदत होती, दुसऱ्याखाली बारीक अक्षरात `Non-returnable`. काकूंनी चष्मा पुसला. “हा दिसायला छान आहे, पण हा नको.” माझ्या मते ऑनलाइन खरेदीतलं निम्मं शहाणपण तिथेच आलं होतं. पहिल्या जोडाची किंमत 749 रुपये. पहिल्या वेळेला एवढीच रक्कम असावी, की बुडाली तरी झोप उडणार नाही.

खातं उघडताना एक गंमत झाली. ॲप मुलानेच कधीतरी टाकून दिलं होतं, पण स्वतःच्या नंबरावर. म्हणजे इथे जुळे सोलापुरात दारात माणूस उभा राहणार आणि त्याला सांगायचा ओटीपी पुण्यात मीटिंगमध्ये बसलेल्या लेकाकडे जाणार! ते खातं बंद करून आम्ही काकूंच्या नंबरावर नवं उघडलं. ॲप प्ले स्टोअरमधूनच घेतलं, कुणी पाठवलेल्या लिंकवरून नाही. पत्त्यात पिनकोडबरोबर शेजारची खूणही लिहिली, कारण इथे सोसायटीच्या नावापेक्षा पाण्याची टाकी लवकर सापडते.

पैशांचं काय? मी पहिल्या वेळेला `Cash on Delivery` सुचवते. काही दुकानं त्याचे थोडे जास्त पैसे लावतात, ते द्यावेत. पण त्याची मर्यादाही काकूंना सांगितली. वस्तू हातात येईपर्यंत पैसे आपल्याकडे राहतात, एवढंच. बहुतेक वेळा डिलिव्हरीवाला पैसे घेतल्याशिवाय खोका फोडू देत नाही, म्हणजे आत भलतंच निघण्याचा धोका उरतोच. पुढेमागे यूपीआय वापरायचं झालं तर पेन्शनचं खातं त्याला जोडू नये. दुसरं छोटं खातं काढून त्यात दोनेक हजार ठेवावेत आणि तेवढंच जोडावं. आणि पिन टाकला की पैसे जातात. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

ऑर्डर गेली. तिसऱ्या दिवशी सकाळीच काकूंचा फोन. आवाजात शाळेतली करडी शिस्त.

“ताई, मेसेज आलाय. पत्ता अपुरा आहे, पार्सल अडकलंय, खालच्या लिंकवर पंचवीस रुपये भरा.”

“मग?”

“मग काय! मी पैसे दारात देणार आहे. हे पंचवीस कसले? आणि पत्ता तर टाकीसकट लिहिलाय की.”

“दुसरीकडे कुठे बघितलंत का?”

“`My Orders` मध्ये बघितलं. तिथं आज येणार असं लिहिलंय. अडकलंय म्हणून कुठंच नाही. काढून टाकला मेसेज.”

मी क्षणभर गप्प बसले. ‘लिंक दाबू नका’ हे वाक्य मी त्यांना मुद्दाम सांगितलंच नव्हतं. नियम पाठ असलेला माणूस नव्या थापेपुढे गडबडतो, कारण थाप दर महिन्याला बदलते. व्यवहार कसा चालतो हे कळलेल्या माणसाला थापेतली फट दिसते. पैसे कधी द्यायचे आणि खरी बातमी कुठे बघायची, या दोन गोष्टी काकूंना पक्क्या ठाऊक होत्या, बाकीचं गणित त्यांनी स्वतः सोडवलं. पंचवीस रुपयांच्या त्या लिंकमागे सहसा कार्डाचा नंबर आणि ओटीपी काढून घ्यायचा डाव असतो. चुकून पैसे गेलेच तर लाजत बसू नये. त्याच मिनिटाला 1930 वर फोन करावा आणि बँकेलाही कळवावं, कारण पैसा पुढच्या खात्यांत पांगला की थांबवणं अवघड होतं.

दुपारी पार्सल आलं. काकूंनी आधी लेबलवरचं नाव आणि रक्कम वाचली, चिकटपट्टी दुसऱ्यांदा लावलेली नाही ना ते पाहिलं, मग पैसे दिले. खोका हातात आल्यावरच ओटीपी सांगायचा, फोनवर आधी नाही, हे ठरलेलं होतं. शेजारच्या मुलीने खोका फोडतानाचा व्हिडिओ काढला, लेबलपासून सुरू करून न थांबवता. आत भलतंच निघालं तर तोच पुरावा. जुनी सोलापुरी चादर अंथरून काकू त्यावर चार पावलं चालल्या, तळव्याला धूळ लागली तर परत घेत नाहीत म्हणून.

सँडल घट्ट झाले. संध्याकाळी पाय सुजतात आणि माप सकाळी घेतलं होतं.

खरं सांगते, मला बरंच वाटलं. `Return` दाबल्यावर ॲपने कारण विचारलं, मग बँक खात्याचा नंबर आणि आयएफएससी. काकू थबकल्या. रोखीने दिलेले पैसे परत करायला दुकानाला खातं लागतंच. आधीच ऑनलाइन भरले असते तर ते सहसा आले त्याच वाटेने परत गेले असते. खात्याचा नंबर तर आपण देतो त्या प्रत्येक चेकवर छापलेला असतो, नुसत्या त्याने पैसे निघत नाहीत. फक्त तो ॲपच्या आतच भरायचा. फोनवर कुणी मागितला तर नाही. गुगलवर ‘कस्टमर केअर’चा नंबर शोधायचा नाही, हेही सांगितलं. तिथे भामटे स्वतःचे नंबर पेरून ठेवतात. मदत लागलीच तर ॲपमधल्या `Help` मध्ये जायचं.

टॅग आणि खोक्यासह सँडल गेले. नेणाऱ्याकडून सँडल मिळाल्याचा मेसेज आल्याशिवाय काकूंनी त्याला दारातून हलू दिलं नाही. बिचारा उन्हात उभा, म्हणून ताक मात्र दिलं.

पुढच्या आठवड्यात काकू पासबुक घेऊनच आल्या. यंत्रावर नोंद छापून घेतली होती. 749 च्या त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ.

“पुढचा नंबर मागवलाय,” म्हणाल्या, “आणि मापाचा तक्ता चुकीचा आहे असं तिथं लिहायचंय. तारे दोनच देणार. कुठं दाबायचं, तेवढं दाखवा.”